आबेलची तळटीप आणि दार्बूचा सुळका

१८२६ साली ऑगस्ट क्रेले यांनी बर्लिनमध्ये गणिताचे एक नवे नियतकालिक काढले. त्याच्या पहिल्याच खंडात नील्स हेन्रिक आबेल या नॉर्वेजियन तरुणाचा द्विपद श्रेढीवरचा लेख आहे. लेख गाजला तो वेगळ्या कारणांसाठी, पण आपल्याला त्यातली एक तळटीप पाहायची आहे. कोशी यांच्या ग्रंथातील एका प्रमेयाला अपवाद असावेत असे आपल्याला वाटते, असे आबेल तिथे अदबीने नोंदवतो आणि पुढे एक श्रेढी देतो:

sin x − (1/2) sin 2x + (1/3) sin 3x − …

ओग्युस्तँ-लुई कोशी हे त्या काळी पॅरिसमधले मोठे प्रस्थ होते. १८२१ साली एकोल पॉलितेक्निकच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘कूर दानालीझ’ हे पुस्तक लिहिले. सीमा, सातत्य, अभिसरण या कल्पना चित्रांच्या आणि अंदाजांच्या हवाल्यावर न सोडता काटेकोर सिद्धतेवर उभ्या करायच्या, ही त्यांची प्रतिज्ञा होती. त्याच पुस्तकात त्यांनी सिद्ध केले, की सलग फलनांची श्रेढी अभिसारी असेल तर तिची बेरीजही सलगच असते. आबेलच्या श्रेढीतले प्रत्येक पद साइनचे, म्हणजे पूर्ण सलग. श्रेढी प्रत्येक x ला अभिसारी. तिची बेरीज −π आणि π यांच्या दरम्यान x/2 येते. म्हणजे x जसा π च्या जवळ जातो तशी ती π/2 कडे, सुमारे १.५७ कडे चढत जाते. पण नेमक्या π वर प्रत्येक पद शून्य असते, म्हणून बेरीजही शून्य. तिथे आलेख तुटतो. काटेकोरपणाच्या पाठ्यपुस्तकातले प्रमेय खोटे ठरले होते, आणि ते सांगणाऱ्याने हे एका तळटीपेत उरकले होते.

ही श्रेढी आडवाटेची नव्हती. १८०७ च्या डिसेंबरात जोझेफ फूरिए यांनी उष्णतेच्या वहनावरचा आपला प्रबंध पॅरिसच्या संस्थेपुढे ठेवला, तेव्हापासून अशा श्रेढींनी लाग्रांजसारख्यांना अस्वस्थ केले होते. वाटेल ते फलन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडता येते, असा फूरिए यांचा दावा होता. प्रत्येक साइनच्या वाट्याला कोणता सहगुणक येतो ते काढण्याची त्यांची एक युक्ती सोपी होती: सगळ्या श्रेढीला sin kx ने गुणा आणि एकेका पदाचे समाकलन करा. एक पद सोडून बाकी सगळी शून्य होतात, आणि उरलेले पद सहगुणक सांगते. या युक्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अनंत पदांची बेरीज करून मग समाकलन केले काय, किंवा पदापदाचे समाकलन करून मग बेरीज केली काय, उत्तर एकच येणार. बेरीज ही आंशिक बेरजांची सीमा असल्यामुळे खरा प्रश्न असा, की सीमा आणि समाकलन यांची अदलाबदल करता येते का? कोशी यांनी १८२३ च्या आपल्या व्याख्यानांत ती परवानगीही देऊन टाकली होती. तिचा पाया त्याच १८२१ च्या विचारसरणीत होता.

कोशींची सिद्धता वाचताना आजही पटकन काही खटकत नाही. श्रेढीच्या पहिल्या n पदांची बेरीज आणि उरलेली शेपटी असे दोन भाग करा. पहिला भाग मोजक्या सलग फलनांची बेरीज आहे, म्हणून सलग. शेपटी n वाढवून हवी तितकी लहान करता येते. मग x किंचित हलवला तर एकूण बेरीज फारशी कशी बदलेल? चूक ‘शेपटी लहान’ या शब्दांत दडलेली आहे. x पाशी शेपटी लहान व्हायला शंभर पदे पुरली, म्हणून शेजारच्या बिंदूपाशीही शंभरच पुरतील याची हमी कोणी दिली?

आबेलच्या श्रेढीत ती हमी मिळतच नाही, आणि हे आकड्यांत पाहता येते. π पासूनचे अंतर δ म्हणू. π पासून ०.०१ अंतरावर उभे राहून पहिली १०० पदे मिळवली तर सुमारे ०.९४५ येतात, यायला हवेत सुमारे १.५६६. तूट ०.६२ ची. पदे वाढवून १००० केली तर याच जागी फरक बराच कमी उरतो. पण मग ०.००१ अंतरावर जाऊन पाहा, तिथे पुन्हा ०.६२ च्या आसपासच तूट आहे. n पदांना δ = 1/n या अंतरावर नेहमीच एवढा खड्डा असतो. पदे वाढवली तरी तो बुजत नाही, फक्त π कडे सरकतो. म्हणूनच प्रत्येक ठिकाणी श्रेढी शेवटी बरोबर उत्तर देते आणि तरीही सगळ्या ठिकाणी एकदम कधीच देत नाही.

आबेलने बोट ठेवले ते अपवादावर. सिद्धतेची कोणती पायरी निसटली ते त्याने सांगितले नाही. १८२९ च्या एप्रिलमध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, तो क्षयाने गेला. त्यानंतरची वीसेक वर्षे या प्रश्नाची प्रगती मोठी विस्कळीत आहे. ज्याला जेवढे हवे तेवढे त्याने घेतले आणि तो आपल्या वाटेने गेला.

म्युन्स्टरमध्ये क्रिस्टोफ गुडरमान शिकवत असत. १८३८ च्या एका लेखात त्यांनी काही श्रेढींबद्दल जाता जाता म्हटले आहे, की त्यांच्या अभिसरणाची गती सगळीकडे साधारण सारखीच आहे. त्यांना ही गोष्ट लक्षणीय वाटली, मूलभूत नव्हे. पुढच्याच वर्षी त्यांच्या वर्गात कार्ल वायरश्ट्रास येऊन बसले. बॉनमध्ये कायदा आणि अर्थव्यवहार शिकायला गेलेला हा मुलगा पदवी न घेताच परतला होता आणि आता शाळामास्तर होण्याची तयारी करत होता. गुडरमान यांचे विवृत्तीय फलनांवरचे व्याख्यान ऐकायला शेवटी तो एकटाच श्रोता उरला, असे सांगतात. १८४१ मध्ये वायरश्ट्रास यांनी घातश्रेढींवर एक टिपण लिहिले. त्यात ‘एकसमान अभिसरण’ ही कल्पना नावासकट आणि पुरेपूर अर्थाने वापरलेली आहे. पण ते टिपण त्यांच्या समग्र लेखनात छापले गेले १८९४ साली. मधली पंधरा-एक वर्षे ते लहान गावांतल्या शाळांत गणिताबरोबर सुलेखन आणि व्यायामही शिकवत होते. त्यामुळे कल्पना जन्मली कधी आणि पसरली कधी, यांत मोठे अंतर पडले. ती पसरली १८५६ नंतर, बर्लिनच्या वर्गांतून, विद्यार्थ्यांच्या वह्यांमार्फत.

दरम्यान १८४७ मध्ये दोघांनी एकमेकांना न कळता हीच गाठ सोडवायला घेतली होती. म्युनिकचे फिलिप झायडेल आणि केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स. दोघांचेही निरीक्षण एकच: जिथे बेरीज तुटते त्या बिंदूजवळ अभिसरण वाटेल तितके मंद होते. स्टोक्स यांनी उलटाही दावा केला, की मंदपणा असेल तर बेरीज तुटलीच पाहिजे. तो चुकीचा आहे, आणि ही चूक पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

खुद्द कोशी या विषयाकडे वळले ते १८५३ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षात. ब्रिओ आणि बुके या दोन गणितज्ञांनी त्यांच्या नजरेस आणले, की sin x + (1/2) sin 2x + (1/3) sin 3x + … या श्रेढीला त्यांचे प्रमेय लागू पडत नाही. ही आबेलचीच श्रेढी, फक्त π ऐवजी ० पासून अंतर मोजलेली. कोशींनी x ला 1/n ही किंमत देऊन शेपटी मोजली आणि ती शून्याकडे जात नाही हे स्वतःच दाखवले. वर आपण पाहिलेला ०.६२ चा खड्डा तोच. मग त्यांनी प्रमेयात अट घातली: n पुरेसा मोठा झाल्यावर आंशिक बेरजांतला फरक सगळ्या x साठी एकाच वेळी हव्या त्या मर्यादेत यावा. १८२१ च्या मजकुरात त्यांना हेच अभिप्रेत होते की नव्हते, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला विचाराल तर, हेच म्हणायचे असते तर सिद्धतेत ते कुठेतरी कामाला लागलेले दिसले असते.

आता अट हाताशी आली, तर तपासणी कशी करायची? वायरश्ट्रास यांच्या परंपरेत ती एका संख्येवर आणून ठेवलेली आहे. f₁, f₂, f₃… ही फलनांची क्रमिका, आणि f हे तिचे बिंदूगणिक सीमाफलन. प्रत्येक n साठी |fₙ(x) − f(x)| हा फरक दिलेल्या अंतराळात जास्तीत जास्त किती होतो ते काढा, त्याला Mₙ म्हणा. Mₙ शून्याकडे गेला तर अभिसरण एकसमान, नाही गेला तर नाही. विद्यार्थी इथे हमखास एक चूक करतात: एक x धरून n वाढवत नेतात, फरक शून्य झाला की खूश होतात. क्रम उलटा हवा. आधी n धरायचा, मग x ला सगळ्या अंतराळात मोकळे सोडून सर्वांत वाईट जागा शोधायची. ती जागा n बरोबर बदलणार, हे गृहीतच धरायचे.

श्रेढीच्या बाबतीत वायरश्ट्रास यांनी याहून सोपी कसोटी दिली. k व्या पदाचा आकार सगळ्या x साठी एका स्थिर संख्येच्या आत असेल, आणि त्या संख्यांची श्रेढी अभिसारी असेल, तर मूळ श्रेढी एकसमान अभिसारी. sin kx / k² ही श्रेढी या कसोटीला लगेच उतरते. आबेलच्या श्रेढीत मात्र पदांना 1/k हीच मर्यादा मिळते आणि 1 + 1/2 + 1/3 + … अपसारी आहे. म्हणजे कसोटी गप्प बसते. गप्प बसणे म्हणजे नकार नव्हे: π पासून थोडे अलीकडे, उदाहरणार्थ −3 ते 3 या अंतराळात, हीच श्रेढी एकसमान अभिसारी आहे, पण ते दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावे लागते.

एकसमान अभिसरण असेल तर अदलाबदलीची सिद्धता दोन ओळींची आहे. a ते b या अंतराळात fₙ आणि f यांच्या समाकलांतला फरक Mₙ(b − a) पेक्षा मोठा असूच शकत नाही. Mₙ शून्याकडे जातो, म्हणून समाकलही जुळतात. अंतराळ मर्यादित लांबीचा हवा, एवढे पथ्य. हे इतके सरळ आहे, तरीही १८७० पर्यंत लोक पदापदाचे समाकलन बिनधास्त करत होते. त्या वर्षी हाले येथील एडुआर्ट हाइने यांनी क्रेले यांच्याच नियतकालिकात जाहीरपणे लिहिले, की एका फलनाची त्रिकोणमितीय श्रेढी एकच असते याची रूढ सिद्धता पदापदाच्या समाकलनावर टेकलेली आहे, आणि श्रेढी एकसमान अभिसारी आहे हे ठाऊक नसताना ते समाकलन करायचा हक्क कोणालाही नाही. फूरिए यांच्या युक्तीखालचा आधार निघाला. हाइने यांनी हा एकमेवतेचा प्रश्न आपल्या तरुण सहकाऱ्याला, गेओर्ग कँटरला, दिला. कँटर त्या वाटेने अनंत संचांपर्यंत गेला. ती वेगळी कहाणी.

समाकलन खरोखरच फसू शकते, याचा स्वच्छ नमुना गास्तों दार्बू यांनी १८७५ च्या आपल्या प्रबंधात दिला. त्यांनी तो श्रेढीच्या रूपात मांडला. त्यातला गाभा असा:

fₙ(x) = 2n²x · e^(−n²x²),  x ० ते १ मध्ये

x = 0 वर किंमत नेहमी शून्य. x धन असेल तर घातांकी अवयव n² ला सहज दाबून टाकतो, म्हणून तिथेही सीमा शून्य. n = 10 आणि x = 0.5 घेतले तर किंमत एका अब्जांशाच्या आसपास येते. तेव्हा सीमाफलन सर्वत्र शून्य, त्याचे समाकल शून्य. पण fₙ चे समाकल थेट काढता येते, कारण ते −e^(−n²x²) याचे अवकलज आहे. ० ते १ मध्ये उत्तर 1 − e^(−n²). n = 10 लाच ते १ पासून ओळखू येणार नाही इतके जवळ असते. सीमा १. एका क्रमाने शून्य, दुसऱ्या क्रमाने एक.

कुठे फसले ते Mₙ सांगतो. अवकलज शून्य धरले की 1 − 2n²x² = 0, म्हणजे सर्वांत वाईट जागा x = 1/(n√2). तिथली उंची n√2·e^(−1/2), सुमारे 0.86n. n = 10 ला ०.०७ पाशी ८.६ उंचीचा एक सुळका उभा आहे; n = 100 ला ०.००७ पाशी ८६ उंचीचा. सुळका दहापट अरुंद होतो, दहापट उंच होतो, त्याखालचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. तुम्ही कोणत्याही धन x वर ठाण मांडा, सुळका कधी ना कधी तुमच्या डावीकडे निघून जाईल आणि तुमच्यापुरते सगळे शांत होईल. ते क्षेत्रफळ मात्र कुठेच जिरलेले नसते.

इथे सीमाफलन शून्य आहे, म्हणजे याहून सलग फलन नाही. स्टोक्स यांचा उलटा दावा इथे मोडतो: अभिसरण मंद, तरी बेरीज अखंड. दार्बूच्या उदाहरणात सातत्य शाबूत आणि समाकल चुकलेले. आबेलच्या उदाहरणात सातत्य गेलेले. मग आबेलच्या श्रेढीत समाकलाचे काय होते? ० ते π करून पाहू. x/2 चे समाकल π²/4. पदापदाने: सम क्रमांकाच्या पदांचे समाकल शून्य, विषम k साठी प्रत्येकी 2/k². एकूण 2(1 + 1/9 + 1/25 + …). कंसातली बेरीज ऑयलरच्या काळापासून माहीत आहे, π²/8. दुप्पट केली की π²/4. तंतोतंत! अभिसरण एकसमान नाही, Mₙ π/2 च्या खाली येत नाही, तरीही अदलाबदल बिनचूक चालली.

म्हणजे एकसमान अभिसरण पुरेसे आहे, आवश्यक नाही. कोशींपासून एकाच दाव्यावर बांधलेले दोन प्रश्न, बेरीज सलग राहील का आणि समाकल जुळेल का, मुळात वेगळे होते. xⁿ घ्या, ० ते १ मध्ये. x = 1 वर सीमा १, बाकी सगळीकडे शून्य; आलेख तुटतो, Mₙ कायम १. आणि समाकल 1/(n + 1), आज्ञाधारकपणे शून्याकडे.

मग समाकलासाठी नेमके काय लागते? बोलोन्याचे चेझारे आर्झेला यांनी १८८५ मध्ये आणि हार्वर्डचे विल्यम फॉग ऑस्गुड यांनी १८९७ मध्ये दिलेले उत्तर सुळक्याच्या उंचीकडे बोट दाखवते. सगळी fₙ मिळून एका ठरावीक उंचीच्या आत राहत असतील, आणि सीमाफलन समाकलनीय असेल, तर अदलाबदल चालते. एकसमानतेची गरज नाही. nx/(1 + n²x²) यात सुळका आहेच, 1/n पाशी, पण त्याची उंची कायम १/२. n = 100 ला समाकल ०.०४६, आणि ते शून्याकडेच जाते. आबेलच्या आंशिक बेरजाही कधी १.८६ च्या वर जात नाहीत. म्हणून तिथे सगळे जुळले. विधान ऐकायला साधे आहे, पण रीमानच्या समाकलावर त्याची सिद्धता चांगलीच किचकट होते, आणि सीमाफलन समाकलनीय आहे हे वेगळे गृहीत धरावे लागते ते लागतेच.

हे दोन्ही त्रास आंरी लबेग यांनी १९०२ च्या आपल्या प्रबंधात समाकलाची व्याख्याच बदलून संपवले. पुढे त्यांनी ठरावीक उंचीची अटही सैल केली: सगळी |fₙ| एकाच फलनाखाली झाकली जावीत आणि त्या झाकणाचे समाकल मर्यादित असावे, बस. दार्बूच्या सगळ्या सुळक्यांवर असे झाकण घालून पाहू. x धरून n बदलत नेला, तर fₙ(x) सर्वाधिक होते n सुमारे 1/x असताना, आणि तिथली किंमत 2/(e·x). म्हणजे झाकण 1/x सारखे वाढणार, आणि 1/x चे ० पासूनचे समाकल अनंत. झाकण मिळत नाही, आणि अदलाबदलही फसते. आता n ची घात थोडी कमी करा: n^(3/2)·x·e^(−n²x²). याही सुळक्यांची उंची √n च्या हिशेबाने वाढतच जाते, म्हणून Mₙ ची तपासणी फसते आणि आर्झेला-ऑस्गुड यांची अटही मोडते. पण इथे झाकण 0.38/√x इतकेच लागते, आणि त्याचे ० ते १ मधले समाकल केवळ ०.७६. थेट काढलेले समाकल येते (1 − e^(−n²))/(2√n): n = 100 ला ०.०५, n = 10000 ला ०.००५.